बंद फ्लॅटचं अठरा हजारांचं बिल : राजारामपुरीतल्या कामाच्या नोंदी

11 जानेवारी 2025

आईच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटचं विजेचं बिल 18,420 रुपये आलंय. फ्लॅट 14 जून 2024 पासून बंद आहे. आई उपचारांसाठी माझ्याकडे पुण्याला आली त्या दिवशी मी स्वतः फ्रिज रिकामा करून पुसला, त्याचं दार उघडं ठेवलं आणि दाराशेजारच्या डब्यातला मेन स्विच खाली केला. हे मला पक्कं आठवतं, कारण देवघरातला छोटा दिवा विझला तेव्हा आईला वाईट वाटलं होतं.

बिलावर 1,046 युनिट लिहिलेत. आई तिथं एकटी राहायची तेव्हा महिन्याला 80 च्या वर कधी जात नव्हती.

रागाच्या भरात फोन करायचा नाही, आधी कागद लावायचे, असं ठरवलं. म्हणून ही वही.

12 जानेवारी

जुलैपासूनची सगळी बिलं डाउनलोड करून एकाखाली एक ठेवली. आतापर्यंत मी ती न उघडताच भरत होते. रक्कम लहान असायची, त्यामुळे शंकाच आली नाही. उघडली असती तर ऑक्टोबरमध्येच गोष्ट लक्षात आली असती.

जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या बिलांत वापर शून्य आहे. मागील रिडिंग आणि चालू रिडिंग एकच. तिन्ही बिलं साधारण 150 रुपयांची, म्हणजे फक्त स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क. बंद घराला एवढं येणारच.

ऑक्टोबरपासून चित्र बदलतं. मीटर क्रमांक वेगळा आहे. बारीक अक्षरात मीटर बदलल्याची तारीख आहे, 6 सप्टेंबर 2024. आणि चालू रिडिंगच्या जागी आकडा नाही, `LOCKED` असं लिहिलंय. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर अशी तीन बिलं सरासरीने काढलीत. प्रत्येकी 60 युनिट, सुमारे 560 रुपये. मी ती भरलीत, एकूण 1,680.

मीटर वाचता आलं नाही तर अंदाजे बिल देता येतं, पण पुढं खरं रिडिंग मिळालं की ते पैसे वळते करून द्यावे लागतात. जानेवारीत रिडिंग मिळालं, 1,046. नव्या मीटरची सुरुवात शून्यापासून, म्हणून सगळे 1,046 एकदम लावले. आधी भरलेले 1,680 कुठंही वजा केलेले दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट. हे 1,046 युनिट चार महिन्यांचे आहेत, पण आकारणी एकाच महिन्याचा वापर धरून झालीय. आपल्याकडं घरगुती दर टप्प्यांत चढतो: 100 पर्यंत एक, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत आणि त्यावर सगळ्यात महाग. वहन आकार धरून शेवटच्या टप्प्यातलं युनिट पहिल्या टप्प्याच्या सुमारे तिप्पट पडतं. 1,046 चे चार भाग केले तर महिन्याला 261 युनिट होतात आणि सगळं मिळून बिल सुमारे 11,890 होतं. म्हणजे साडेसहा हजारांचा फुगवटा नुसता टप्प्यांचा आहे.

पण उरलेले 11,890 तरी का? बंद घरात महिन्याला 261 युनिट कुणी जाळले?

18 जानेवारी

पहाटेच्या गाडीने कोल्हापूरला आले. आधी वर जाऊन मेन स्विच पाहिला. खालीच आहे. जळमटं तशीच होती.

मग खाली पार्किंगमध्ये. मीटरच्या पॅनेलला लोखंडी जाळी आणि कुलूप आहे. किल्ली पूर्वी वॉचमनकडे असायची, तो सप्टेंबरच्या सुरुवातीला गावी गेला तो आलाच नाही. आता किल्ली सचिवांच्या घरी असते. रिडिंग घ्यायला येणारा मुलगा जाळी बंद पाहून परत जायचा. कुलूप माझ्या फ्लॅटला नव्हे, जाळीला होतं. `LOCKED` चा उलगडा झाला.

जाळीच्या आत बारा मीटर एका रांगेत. गणपतीच्या आधी इमारतीला रंग दिला तेव्हा पॅनेलवरही हात फिरवला आणि फ्लॅटचे आकडे पुसले गेले. कुठलं मीटर कुणाचं हे आता फक्त बिलावरच्या मीटर क्रमांकावरून कळतं. आमच्या बिलावरचा क्रमांक 41 ने संपतो. ते मीटर सापडलं. रिडिंग 1,158. म्हणजे 4 तारखेच्या रिडिंगनंतर चौदा दिवसांत 112 युनिट आणखी पडले, आणि वर घर बंद.

मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. वर मेन स्विच बंद असताना.

हा दिवा म्हणजे मोजमाप आहे. या मीटरच्या तोंडावर `3200 imp/kWh` असं छापलेलं आहे. म्हणजे एक युनिट वीज गेली की दिवा 3,200 वेळा लुकलुकतो. त्यावरून त्या क्षणी किती वॅटचा भार चालू आहे ते काढता येतं:

```
वॅट = 3600000 × लुकलुक ÷ (3200 × सेकंद)
    = 1125 × लुकलुक ÷ सेकंद
```

मी मोबाइलवर 45 सेकंद मोजले, 20 वेळा लुकलुकला. 1125 × 20 ÷ 45, म्हणजे 500 वॅट. ही गळती नव्हे. गळतीने भार असा वर-खाली होत नाही, आणि हा होत होता. पाचेक मिनिटांनी पुन्हा मोजलं तर दीडशेच्या आसपास आला. कुणाच्या तरी घरात मिक्सर नाहीतर पंप चालू-बंद व्हावा तसं. हे मीटर एका नांदत्या घराची वीज मोजत होतं.

शेजारच्या काकूंनी चहाला बोलावलं. मी बिलाचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमचं तर यंदा उणे आलंय बघ. तुझे काका म्हणाले, कंपनीनं काहीतरी परत दिलं असंल." बिल पाहायला मागितलं. ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांनाही सरासरीचीच बिलं, 255 युनिटची, प्रत्येकी सुमारे 2,890. जानेवारीत खरं रिडिंग आलं: शून्य. मग भरलेले पैसे वळते होऊन बिल उणे 8,076. माणसं घरात, फ्रिज चालू, गिझर चालू, आणि वापर शून्य! त्यांच्या बिलावरचा मीटर क्रमांक 42 ने संपतो.

आम्ही दोघीही काही क्षण गप्प बसलो.

मग तिघांनी मिळून तीन चाचण्या केल्या. काका खाली मीटरसमोर, काकू घरात, मी माझ्या फ्लॅटमध्ये, फोन चालू ठेवून. पहिल्यांदा काकूंनी आपला मेन स्विच खाली केला: 41 चा दिवा थांबला. त्यांनी तो वर केला: दिवा पुन्हा सुरू. मग मी माझा मेन स्विच वर करून हजार वॅटची इस्त्री लावली. आता 42 चा दिवा साधारण सव्वा सेकंदाला एकदा लुकलुकू लागला. हजार वॅटला 1.1 सेकंद यायला हवेत, आणि आमच्या मोजण्यात तेवढा फरक पडणारच. इस्त्री बंद केली, 42 थांबला. सगळ्याचा व्हिडिओ घेतला, त्यात मीटर क्रमांक स्पष्ट दिसेल असा.

तेव्हा हे असं आहे. 41 क्रमांकाचं मीटर काकांच्या घराची वीज मोजतंय आणि 42 माझ्या. कार्यालयाच्या दप्तरी मात्र नेमकं उलटं आहे.

काका म्हणाले, "माझ्या ओळखीचा वायरमन आहे, आत्ता वायरी बदलून देतो." मी हात जोडले. मीटरच्या टर्मिनलला कंपनीचं सील आहे. ते तुटलं तर आपलं गाऱ्हाणं राहील बाजूला आणि आपल्यावरच छेडछाडीचा आरोप येईल. शिवाय चुकीचा एकमेव पुरावाच आपण आपल्या हातानं पुसून टाकू.

20 जानेवारी

कार्यालयात गेले. बिल आईच्या नावावर आहे म्हणून तिचं अधिकारपत्र सोबत नेलं होतं. ते पहिल्याच टेबलावर मागितलं.

खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, रिडिंग आलंय म्हणजे वापर झालाय की. संशय असंल तर मीटर टेस्टिंगची फी भरा." इथं मी थांबले. शनिवारी ती चाचणी केली नसती तर मी तीच फी भरली असती आणि हरले असते. मीटर टेस्टिंगमध्ये मीटर बरोबर मोजतंय का एवढंच पाहतात. 41 क्रमांकाचं मीटर अगदी बरोबर मोजतंय. त्यावर क्लास 1.0, म्हणजे चूक एक टक्क्याच्या आत, असं छापलंय आणि ते त्याला जागतंय. अहवाल आला असता "मीटर योग्य", आणि त्या एका कागदावर माझी तक्रार कायमची बंद झाली असती. प्रश्न मीटर किती मोजतं हा नाही, कुणाचं मोजतं हा आहे.

म्हणून अर्जात मीटर टेस्टिंग हा शब्दच घातला नाही. तीन गोष्टी मागितल्या. दोन्ही ग्राहकांसमोर, भार लावून स्थळ पाहणी करावी आणि तिचा लेखी अहवाल द्यावा. 6 सप्टेंबरच्या मीटर बदलाच्या अहवालाची प्रत द्यावी. आणि निर्णय होईपर्यंत पुरवठा तोडू नये. सोबत व्हिडिओचा पेनड्राइव्ह, दोन्ही बिलं आणि काकांच्या सहीचं पत्र जोडलं. काकांचं पत्र मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते स्वतःच्या फायद्याविरुद्ध लिहिलंय. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. शिक्का न घेता अर्ज ठेवून यायचं नाही, हे बाबांनी शिकवलं होतं.

21 जानेवारी

बिलाची मुदत 27 ची. नाही भरलं तर थकबाकी, मग व्याज, मग तोडणी. भरलं तर 18,420 अडकून पडणार.

वीज कायदा 2003, कलम 56. थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि त्याच कलमाच्या परंतुकात वादातल्या बिलासाठी वाट आहे. ग्राहकानं निषेध नोंदवून रक्कम जमा केली तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. किती जमा करायची? मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांची मासिक सरासरी, यातली जी कमी असेल ती.

माझे सहा महिने: 150 चे तीन आणि 560 चे तीन. एकूण 2,130, भागिले सहा, 355 रुपये.

खिडकीवर म्हणाले, अर्धवट रक्कम सिस्टीम घेत नाही. मी कलमाची छापील प्रत आणि हिशेबाचा कागद घेऊन सहायक अभियंत्यांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं, फोन केला आणि भाग रकमेला लेखी मंजुरी दिली. माणूस तरुण होता, नीट बोलला. 355 भरले. पावतीवर "निषेध नोंदवून" असं लिहिता येत नाही म्हणाले, म्हणून तशा अर्थाचं पत्र वेगळं आवक केलं आणि त्यात पावती क्रमांक टाकला.

रात्रीच्या बसने पुण्याला.

3 फेब्रुवारी

फोन आला. "मॅडम, तुमचं काम झालं. टप्प्यांचा फायदा दिलाय, 11,890 भरा आणि प्रकरण मिटवा." साडेसहा हजार एका फोनवर कमी झाले, आणि खरं सांगते, क्षणभर वाटलं, द्यावं सोडून. आईची औषधं, माझी रजा, पुणे-कोल्हापूर फेऱ्या. पण हे मान्य करणं म्हणजे 1,046 युनिट आम्हीच वापरले असं लिहून देणं होतं, आणि मीटर तसंच राहिलं तर दर महिन्याला काकांचं बिल आईच्या नावावर. मी विचारलं, स्थळ पाहणी कधी आहे? ते म्हणाले, बघतो.

लगेच ईमेल केला: आजच्या फोनवरचं बोलणं, दिलेला आकडा, आणि तो मला मान्य नाही हे, तीन वाक्यांत.

12 फेब्रुवारी

स्थळ पाहणी झाली. सहायक अभियंता स्वतः आले, सोबत लाइनमन. तीच इस्त्री, तोच खेळ. दहा मिनिटांत त्यांची खात्री पटली.

मग खरी गंमत वाटावी अशी गोष्ट निघाली. लाइनमननं रांगेतली मीटरं आणि वर जाणाऱ्या वायरी हातानं माग काढत तपासल्या. वायरी अगदी जागच्या जागी आहेत. माझ्या फ्लॅटची वायर पूर्वी होती त्याच खणात आहे. मीटर बदलाच्या अहवालाची प्रत त्यांनी सोबत आणली होती. त्यात माझ्या ग्राहक क्रमांकापुढं 41 आणि काकांच्या ग्राहक क्रमांकापुढं 42 लिहिलंय. प्रत्यक्षात माझ्या खणात 42 बसवलं, त्यांच्या खणात 41. खणांवरचे आकडे रंगाखाली गेलेले, त्यामुळं लिहिणाऱ्यानं शेजारशेजारची दोन मीटरं उलट टिपली. वायरला हात लावायची गरजच नाही. दप्तरातले दोन क्रमांक एकमेकांच्या जागी लिहिले की झालं.

काकांच्या वायरमननं त्या दिवशी वायरी बदलल्या असत्या तर आज दप्तर आणि वस्तुस्थिती जुळली असती, पाहणीत काहीच चूक सापडली नसती, आणि मागचे 1,046 आमच्याच माथी राहिले असते.

अहवालावर चौघांच्या सह्या. प्रत जागेवरच घेतली. दोन्ही मीटरांची त्या दिवसाची रिडिंग त्यात लिहून घेतली.

काकू मात्र दिवसभर अस्वस्थ. संध्याकाळी म्हणाल्या, "आता आमच्यावर अठरा हजार येणार व्हय गं?" बसून हिशेब मांडून दिला. चार महिन्यांचे 1,046 युनिट त्यांचे, बरोबर टप्प्यांनी 11,890. त्यातले तीन सरासरी बिलांचे मिळून 8,676 त्यांनी आधीच भरलेत, तेच पैसे उणे बिलात दिसतायत. म्हणजे राहिले सुमारे 3,210. शिवाय फेब्रुवारीचं त्यांचं 248 युनिटचं बिल माझ्या नावावर आलंय, तेही त्यांच्याकडं जाईल, 2,800 च्या आसपास. सहा हजार एकूण, आणि एकही युनिट दुसऱ्याचं नाही. काकांनी आकडे स्वतः पुन्हा मांडून पाहिले आणि मान हलवली. टप्पे नीट पाडून मागा, एकदम एका महिन्यात लावू देऊ नका, एवढं मात्र त्यांना ठासून सांगितलं.

फेब्रुवारीसाठी आणखी 355 निषेधासह भरले.

24 फेब्रुवारी

बारा दिवस काही नाही. सिस्टीममध्ये मीटर क्रमांक बदलायला वरची मंजुरी लागते म्हणतात. बिलावर थकबाकी आणि व्याज चढलेलं दिसतंय.

ग्राहक तक्रार निवारण मंचाचा अर्ज भरून ठेवला. वीज कायद्याच्या कलम 42(5) खाली हा मंच असतो. वकील लावावा लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझ्याकडं वेळ आहे. पाहणी अहवाल, मीटर बदल अहवाल, दोन पावत्या, शिक्क्याच्या प्रती हे सगळं क्रमानं लावलं. सहायक अभियंत्यांना कळवलं की 7 मार्चपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर हा अर्ज दाखल करते. धमकी म्हणून नाही, तारीख माहीत असावी म्हणून.

5 मार्च

दुरुस्त बिल आलं. मीटर क्रमांक 42 ने संपणारा. सप्टेंबरपासून वापर 1 युनिट, म्हणजे आमच्या इस्त्रीच्या चाचण्या आणि पाहणीच्या दिवशीचे दिवे-पंखे. पाच महिन्यांचा स्थिर आकार मिळून साधारण 750. मी भरलेले 1,680 आणि दोनदा 355, एकूण 2,390. व्याज काढलंय. बिल उणे 1,633.

काकांना फोन केला. त्यांचं 6,011 आलंय, टप्पे पाडून. हप्ते मागितले होते, दोन मिळाले.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "देवाचा दिवा लावून आलीस का?"

8 मार्च

कोल्हापूरला गेले, दिवा लावला, रात्री राहिले, सकाळी पुन्हा मेन स्विच खाली. बिलावर अजून आईचा जुना मोबाइल नंबर नोंदलेला होता, सगळे संदेश त्या बंद सिमवर जात होते. माझा नंबर नोंदवला.

सचिवांनी जाळीची एक किल्ली जिन्याखालच्या खिळ्याला लावून ठेवायचं कबूल केलंय. पॅनेलवर काकांनी पांढऱ्या रंगानं बाराही खणांना फ्लॅटचे आकडे घातले. निघताना 42 समोर पाच मिनिटं उभी राहिले. दिवा एकदाही लुकलुकला नाही.